डाग एकीकडे, भेग दुसरीकडे

आमच्या हॉलच्या छताला एक डाग आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी तो लिंबाएवढा होता, आता त्याने श्रीलंकेचा आकार धारण केला आहे. माझा सख्खा मेहुणा याच कोल्हापुरात वॉटरप्रूफिंगची कामं घेतो, हे लक्षात घेतलं तर डागाची ही प्रगती कौतुकास्पदच म्हणायची. दिव्याखाली अंधार असतो, तसा वॉटरप्रूफिंगवाल्याच्या बहिणीच्या डोक्यावर डाग असतो.

या मेहुण्याने वर्षापूर्वी यूट्यूबवर चॅनेल काढलं. विषय अर्थातच गळती. गच्चीची, बाथरूमची, पॅरापेटची, दोन घरांच्या मधल्या भिंतीची. महिन्याला दोन, म्हणजे वर्षाला चोवीस व्हिडिओ झाले. एप्रिलमधल्या एका रविवारी तो पेढ्यांचा पुडा घेऊन आला आणि दारातूनच म्हणाला, “दाजी, चॅनेलनं वर्षात चार लाख सहा हजार कमावले!”

“वा!” मी म्हणालो.

“मग कॅमेऱ्याला माझ्याकडून नेलेले अठ्ठावन्न हजार कधी देतोस?” आतून बायकोचा आवाज आला.

पेढ्यांचा पुडा माझ्या आणि त्याच्या हातांच्या मध्ये थोडा वेळ लटकत राहिला. मग असं ठरलं, की आधी हिशोब व्हावा. मी सहकारी बँकेच्या ऑडिट खात्यातून निवृत्त झालेलो आहे. निवृत्त ऑडिटर हा घरात न विचारता वाजणाऱ्या भोंग्यासारखा असतो. कुणी तरी आपणहून हिशोब तपासायला देतंय, हा योग फार वर्षांनी आला होता. मी चष्मा पुसला.

पहिली गंमत जाहिरातीच्या उत्पन्नात निघाली. मेहुण्याच्या मते तिथले वीस हजार रुपये होते. ते कसे, तर स्टुडिओच्या पडद्यावर CPM या नावाखाली ९५ रुपये दिसत होते. हजारामागे ९५, आणि व्हिडिओ पाहिले गेले २ लाख १० हजार वेळा. गुणाकार बरोबर होता. फक्त ज्याला गुणायचं ते चुकीचं होतं. CPM म्हणजे जाहिरात देणारा हजार जाहिराती दाखवल्याबद्दल जे मोजतो ते. एक तर प्रत्येक वेळी व्हिडिओ पाहिला की जाहिरात लागतेच असं नाही, आणि लागली तरी त्यातला ५५ टक्के वाटा चॅनेलवाल्याचा, बाकीचा यूट्यूबचा. आपल्या हातात हजार वेळा पाहिल्यामागे किती पडलं, ते RPM या नावाखाली असतं. ते होतं ३० रुपये. म्हणजे वर्षाचे ६,३०० रुपये.

“बरं, सहा हजार तीनशे तर सहा हजार तीनशे,” मेहुणा म्हणाला.

“ते बँकेत कुठं दिसतायत?”

ते बँकेत नव्हते. कारण साठलेली रक्कम १०० डॉलरपर्यंत पोचेपर्यंत पैसे निघतच नाहीत, आणि १०० डॉलर म्हणजे गेल्या वर्षीच्या भावाने साधारण साडेआठ हजार. म्हणजे मेहुण्याचं एका वर्षाचं जाहिरात उत्पन्न अजून बाटलीच्या तळाशी होतं, तोंडापर्यंत आलंच नव्हतं. ऑडिटच्या भाषेत हे ‘येणे’, ‘जमा’ नव्हे. मी ते हिशोबात धरलं, पण पेन्सिलीने लिहिलं.

चोवीस व्हिडिओंत हे ६,३०० वाटले, तर एका व्हिडिओला २६२ रुपये येतात. व्हिडिओचं थंबनेल करून देणारा पोरगा एका थंबनेलचे २५० घेतो. म्हणजे जाहिरातीच्या पैशातून थंबनेल निघतं आणि वर बारा रुपये उरतात. बारा रुपयांत कटिंग चहा येतो. तो कुणी प्यायचा, यावर वाद होऊ शकतो.

आता खर्च. मेहुण्याच्या मते एका व्हिडिओचा खर्च दीड हजार होता, म्हणजे एडिटिंग करणाऱ्या मुलाला तो जे देतो तेवढाच. बाकी सगळं, त्याच्या शब्दांत, “घरचंच की!”

‘घरचं’ हा मराठी धंद्यातला सर्वांत महागडा शब्द आहे. ज्याची पावती नाही ते घरचं. मी एकेक घरचं बाहेर काढत गेलो. एडिटिंग १,५००. थंबनेल २५०. कॅमेरा धरून उभा राहणारा पोरगा, ज्याला त्या दिवशी दुसऱ्या कामावरून काढून आणलेलं असतं, ४००. साइटवर जायचं पेट्रोल आणि शूटिंग झाल्यावरची मिसळ, ३३०. मिसळीवर मेहुण्याने आक्षेप घेतला. मिसळ तो तशीही खातो, म्हणाला. मी विचारलं, शूटिंग नसताना त्या पोराला खाऊ घालतोस का? मिसळ राहिली.

मग कॅमेरा. इथे माणसं दोन टोकांच्या चुका करतात. काही जण सगळा कॅमेरा पहिल्याच महिन्यावर टाकतात, आणि आपला पहिला व्हिडिओ ताजमहालाच्या भावात पडला म्हणून रडत बसतात. बाकीचे कॅमेरा विसरूनच जातात, कारण तो घेऊन झाला, आणि बहुतेक वेळा बहिणीच्या पैशाने घेऊन झाला. मी मधला रस्ता धरला. कॅमेरा ५८,०००, माइक ६,५००, दिवे आणि स्टँड ७,५००, असे ७२,०००. सिमेंटच्या धुळीत आणि कोल्हापूरच्या पावसात हे सामान तीन वर्षं टिकेल असं धरलं. वर्षाचे २४,०००, म्हणजे व्हिडिओमागे १,०००.

राहिला मेहुणा स्वतः. एका व्हिडिओला त्याचा एक पूर्ण दिवस जातो. चार तास शूटिंग, आणि चार तास एडिट पाहून “इथं माझं पोट दिसतंय, काप” असं सांगण्यात.

“माझा दिवस दहा हजाराचा आहे, दाजी,” तो छाती काढून म्हणाला. तीन मिनिटांपूर्वी याच दिवसाची किंमत शून्य होती, कारण तो घरचा होता.

मी म्हटलं, तुझ्या दिवसाचा भाव तू ठरवायचा नाही आणि मीही नाही. तू व्हिडिओत अडकलास की त्या दिवशी साइटवर लक्ष ठेवायला माणूस ठेवावा लागतो ना? त्याला किती देतोस? दीड हजार. मग तोच तुझा भाव. हे ऐकून तो थोडा दुखावला. पण आपली जागा भरायला किती लागतात यावरून आपली किंमत कळते, हे मला निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. माझी जागा भरलीच नव्हती.

बेरीज झाली ४,९८०. वीस रुपये पानाचे धरून पाच हजार. चोवीस व्हिडिओंचे १ लाख २० हजार.

मेहुणा आता पेढ्यांचा पुडा हळूच आपल्या बाजूला ओढत होता. पण त्याचा हुकमी एक्का अजून बाहेर यायचा होता. “जाहिरात सोडा ओ दाजी. आपला खेळ फोनचा आहे. व्हिडिओ बघून माणसं फोन करतात. एकशे सेहेचाळीस फोन आलेत वर्षात!”

इथे मला एक गोष्ट नम्रपणे सांगायची आहे, ती म्हणजे माझं कौतुक. चॅनेल सुरू होण्याआधी मी त्याला एकच सल्ला दिला होता, की व्हिडिओत द्यायला वेगळं सिम घे. त्याचा जुना नंबर टेम्पोवर आहे, रस्त्यावरच्या बोर्डावर आहे, व्हिजिटिंग कार्डावर आहे आणि दोन मंडळांच्या गणपतीच्या कमानीवर आहे. त्या नंबरवर आलेला फोन नक्की कुणामुळे आला, हे गणपतीलाच ठाऊक. गिऱ्हाइकाला विचारावं, “आमचं नाव कुठं कळलं?” तर कोल्हापुरी माणूस सौजन्याने म्हणतो, “तुम्हाला कोण ओळखत नाही?” या उत्तराने छाती फुगते, पण वहीत काय लिहायचं?

नव्या सिमवर आलेला फोन मात्र व्हिडिओतूनच आलेला. पुढे मेहुण्याच्या भाच्याने आणखी एक युक्ती केली. प्रत्येक व्हिडिओखाली व्हॉट्सॅपची वेगळी लिंक टाकली, शेवटी `?text=V07` असं काही तरी जोडून. लिंक दाबली की पाठवायच्या चौकटीत तो खुणेचा शब्द आपोआप येतो, आणि कुठल्या व्हिडिओवरून माणूस आला ते कळतं. निम्मी माणसं तो शब्द पुसून “नमस्कार” लिहायची. एका काकांनी विचारलं होतं, “V07 म्हणजे केमिकल का? किलोला काय भाव?” तरीही जेवढं कळलं तेवढं सोनंच.

हे सिम मेहुण्याच्या बायकोकडे होतं, आणि हे त्या धंद्याचं भाग्य. फोन आला की ती तीन प्रश्न विचारायची. गच्ची तुमची स्वतःची का? घर कुठं आहे? काम कधी करायचंय? शिवाय, कुठला व्हिडिओ पाहिलात आणि त्यात काय होतं? आणि सगळं तारखेसह वहीत. मी चाळीस वर्षं वह्या तपासल्या, पण इतकी स्वच्छ वही पाहून डोळे पाणावण्याची वेळ पहिल्यांदाच आली.

त्या वहीतले १४६ फोन मी वेगळे केले. ६१ फोन मेहुणा जाऊच शकणार नाही अशा गावांहून होते. लातूर, सुरत, आणि एक तर थेट दुबईहून, जिथे या माणसाला नक्की कुठलं पाणी गळत होतं देव जाणे. ३८ जण फुकट सल्ला घेणारे. “नुसतं सांगा, लावायचं काय? आम्ही घरीच लावतो.” १७ जण उलट मेहुण्यालाच काही तरी विकणारे किंवा नोकरी मागणारे. राहिले ३०. गच्ची स्वतःची, घर टप्प्यात, आणि काम या पावसाळ्याआधी करायचं. या तिसांनाच मी खरे फोन म्हटलं.

तीसही ठिकाणी मेहुणा जाऊन पाहून आला. बावीस जणांना त्याने कोटेशन दिलं. सात कामं मिळाली. या सात कामांची बिलं मिळून ४ लाख ६ हजार.

“हेच! हेच म्हणत होतो मी!” मेहुणा खुर्चीतून उठलाच.

मी त्याला खाली बसवलं. बिल म्हणजे कमाई असती तर किराणा दुकानदार आजवर चंद्रावर राहायला गेले असते. चार लाखांतून सिमेंट, विटांचे तुकडे, केमिकल, मजुरी, राडारोडा उचलणारा ट्रॅक्टर, आणि हमी दिलेली असल्यामुळे पुढच्या जूनमध्ये छत्री घेऊन परत जावं लागतं तो खर्च, हे सगळं वजा करायचं. त्याच्याच जुन्या कामांच्या कागदांवरून काढलं, तर हजाराच्या कामात त्याच्या हाती २२० रुपये उरतात. चार लाख सहा हजारांत ८९,३२० उरले. पाहणीला जायचा खर्च ठिकाणामागे ४००, तीस ठिकाणांचे १२,०००. हा खर्च सगळे विसरतात, कारण तेवीस ठिकाणांहून तो फक्त चहा पिऊन परत आला आणि चहा फुकट होता. ते वजा करून ७७,३२०. त्यात पेन्सिलीने लिहिलेले ६,३०० मिळवले. एकूण ८३,६२०.

खर्च १ लाख २० हजार. तोटा ३६,३८०.

खोलीत इतकी शांतता पसरली, की वरून डागाचं वाढणं ऐकू आलं असतं.

मी एक पाऊल पुढे गेलो, ऑडिटरला थांबता येत नाही. एक काम मिळवायला व्हिडिओंवर १७,१४३ रुपये गेले होते, आणि एका कामातून सरासरी १२,७६० रुपये उरत होते. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला म्हणतात तसं. पण कोल्हापुरी माणसाला ही म्हण दोष म्हणून कळतच नाही. मसाल्याशिवाय कोंबडी कशाला, असं त्याचं म्हणणं.

“म्हणजे चॅनेल बंद?” मेहुण्याने पडेल आवाजात विचारलं.

खरं तर मीही हेच लिहून खाली सही करणार होतो. पण तेवढ्यात मला त्याच्याच एका व्हिडिओची आठवण झाली. त्यात तो छताकडे बोट दाखवून म्हणतो, “बघा मंडळी, डाग इथं आहे म्हणून भेग इथंच असंल असं नाही. पाणी स्लॅबच्या आतनं फिरतं आणि वाट मिळंल तिथं बाहेर पडतं.” मग भेग कुठे आहे हे शोधायला तो काय करतो? सगळी गच्ची एकदम पाण्याने भरत नाही. मध्ये छोटे बांध घालतो, एकेका भागात पाणी साठवून दोन दिवस थांबतो, आणि खाली कधी ओल येते ते पाहतो. सगळी गच्ची एकदम भरली, तर गच्ची गळते एवढंच कळतं. ते तर आधीच माहीत असतं.

माझा ३६,३८० चा आकडा हा छतावरचा डाग होता. भेग कुठल्या व्हिडिओत आहे, ते त्याने सांगितलंच नव्हतं. मी वही परत उघडली आणि चोवीस व्हिडिओंमध्ये एकच बांध घातला. एका बाजूला नऊ व्हिडिओ, ज्यांत इथल्या घरांचा एखादा नेमका त्रास होता. दुसऱ्या बाजूला पंधरा. यात जगातली चमत्कारिक छपरं होती, दोन केमिकलच्या डब्यांची कुस्ती होती, आणि चॅनेलचा मुकुटमणी म्हणजे माकडाचा व्हिडिओ होता.

माकडाचा व्हिडिओ असा. मेहुणा एका गच्चीवर हातोडीने कोबा ठोकून, कुठे पोकळ वाजतं ते दाखवत होता. इतक्यात मागून माकड आलं आणि हातोडी घेऊन पाण्याच्या टाकीवर बसलं. तिथून ते टाकी ठोकून पोकळ आवाज तपासू लागलं, आणि मेहुण्यापेक्षा जास्त मन लावून. हा व्हिडिओ ९२ हजार वेळा पाहिला गेला. त्यातून चार फोन आले. त्यातल्या तिघांनी माकड कुठलं ते विचारलं आणि एकाने माकडावर काही केमिकल आहे का ते विचारलं.

माकडावर अन्याय नको म्हणून सांगतो. जाहिरातीचं उत्पन्न सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहिलं जाणं लागतं. ते तास मुख्यतः या माकडाने भरून दिले. म्हणजे दार त्याने उघडलं, पण तेव्हा दार बंद असल्यामुळे त्याच्या स्वतःच्या ९२ हजारांचा एक पैसा मिळाला नाही. बिचारं माकड, वर्गणी काढणाऱ्या कार्यकर्त्यासारखं उपाशीच राहिलं.

आणि दुसऱ्या टोकाला ‘दोन घरांच्या मधल्या भिंतीला ओल आली, तर खर्च कुणी करायचा?’ हा व्हिडिओ. पाहणारे ११४०. मेहुण्याला याची इतकी लाज वाटायची की पाहुण्यांना तो दाखवायचा नाही. त्यावरून अकरा खरे फोन आले होते. साहजिकच आहे. माकड कुणालाही बघायला आवडतं, पण शेजाऱ्याच्या बाथरूमचं पाणी आपल्या भिंतीत आल्याशिवाय कुणी रात्री साडेअकराला तो दुसरा व्हिडिओ बारा मिनिटं बघत नाही.

आता दोन्ही बाजूंचे हिशोब. पंधरा व्हिडिओंचा खर्च ७५,०००. जाहिरातीचे ५,६०० यांनीच आणले. खरे फोन सहा, काम एक, ४६ हजारांचं. पाहणीचा खर्च वजा करून सगळे मिळून १३,३२० आले. तोटा ६१,६८०. नऊ व्हिडिओंचा खर्च ४५,०००. जाहिरातीचे जेमतेम ७००. पण खरे फोन चोवीस, कामं सहा, बिलं ३ लाख ६० हजारांची. सगळं वजा-अधिक करून ७०,३०० आले. नफा २५,३००.

म्हणजे ज्या बाजूला लोक जास्त आणि जाहिरातीचे पैसे जास्त, तीच बाजू गळत होती. मेहुणा वर्षभर डागाखाली बादली ठेवून ती किती भरली ते मोजत होता.

“पण दाजी,” आता त्याने माझ्यावर डाव उलटवला. कोल्हापुरात जन्मलेला माणूस खाली पडला तरी वरच्याची लांग शोधतो. “सात कामांवर एवढं शहाणपण? एखादा बंगल्याचा दोन लाखांचा जॉब आला असता तर?”

प्रश्न रास्त होता, आणि मी तो कागदावर करून पाहिला. दोन लाखांत ४४,००० उरतात. एवढा एक बंगला आला असता, तर अख्ख्या वर्षाचा तोटा पुसून ७,६२० नफा दिसला असता आणि आम्ही पेढे खात बसलो असतो. छोट्या चॅनेलचा हिशोब असा असतो. एका बंगल्याच्या जिन्यावरून वर जातो किंवा खाली येतो. म्हणून वर्षाचा एकच आकडा घेऊन चॅनेल तारणारा आणि मारणारा, दोघेही घाई करतात.

पण मग दोन्ही बाजू हलवून पाहाव्यात. तो काल्पनिक बंगला पंधरांच्या पदरात टाकला, तरी त्यांचा तोटा १७,६८० उरतो. उलट नऊंमधलं ६० हजारांचं एक काम काढून घेतलं, तरी १२,१०० नफा राहतो. एक काम घालून आणि एक काम काढूनही जो निकाल बदलत नाही, त्यावरच सही करावी. बाकीच्यांपुढे मी प्रश्नचिन्ह ठेवलं.

वहीत दोन प्रश्नचिन्हं तरीही राहिली. एका गिऱ्हाइकाने रस्त्यावरचा बोर्ड पाहिला, रात्री चार व्हिडिओ पाहून खात्री केली, आणि सकाळी बोर्डावरच्याच नंबरला फोन लावला. ते काम चॅनेलच्या खात्यात आलंच नाही. उलट सातांपैकी एक जण जुन्या गिऱ्हाइकाचा साडू निघाला. तो तसाही आलाच असता, फक्त लिंकवरून आला. एक काम जास्त धरलं गेलं, एक कमी. दोन चुका एकमेकींना पुसतात असं म्हणायचा मोह झाला, पण बँकेत असं म्हणणाऱ्या दोघांची चौकशी मीच केली होती.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र तारखांनी सांगितली. मधल्या भिंतीचा व्हिडिओ ऑक्टोबरमध्ये टाकला होता. पाऊस सरलेला, भिंती वाळलेल्या, शेजारी पुन्हा एकमेकांना फराळ देऊ लागलेले. फेब्रुवारीअखेरपर्यंत त्याला तीन फोन. बाकीचे आठ नुसत्या मार्चमध्ये, जेव्हा लोकांना पावसाळा आठवू लागतो. नोव्हेंबरात हिशोब केला असता, तर चॅनेलचा सर्वांत कमावता व्हिडिओ आम्ही नापास केला असता. म्हणून फोन ज्या महिन्यात आला त्या महिन्याच्या नावावर न टाकता, ज्या व्हिडिओवरून आला त्याच्या नावावर टाकायचा, आणि प्रत्येक व्हिडिओचं पान वर्षभर उघडं ठेवायचं. यात मार्चमध्ये टाकलेल्या व्हिडिओंवर थोडा अन्याय झालाच. त्यांची पानं मी अजून मिटलेली नाहीत. पुढच्या वर्षी येणारे फोन मात्र आजच जमा धरायचे नाहीत. मेहुणा तेच करू बघत होता.

शेवटी पुढच्या वर्षासाठी मी त्याला एकच मोजपट्टी दिली. तीस खऱ्या फोनांतून सात कामं, आणि कामामागे १२,७६०. त्यातून पाहणीचे ४०० वजा केले, की एका खऱ्या फोनची किंमत सुमारे २,६०० रुपये पडते. व्हिडिओचा खर्च पाच हजार. म्हणजे व्हिडिओमागे दोन खरे फोन आले की तो आपला खर्च काढतो. नऊ व्हिडिओ या पट्टीवर पावणेतीनच्या आसपास आहेत, पंधरा अर्ध्यालाही पोचत नाहीत. किती जणांनी पाहिलं, किती अंगठे वर आले, हे सगळं त्याने खुशाल बघावं, जसं आपण क्रिकेट बघतो.

“दोन खरे फोन,” मेहुणा पुटपुटला. त्याने वही ओढून घेतली आणि आपली बाजू कुठे सावरते का, हे बघायला फुकट सल्ला घेणाऱ्या ३८ जणांची पानं चाळू लागला. पहिल्याच पानावर त्याचं बोट थांबलं.

“दाजी, हा एक नंबरचा फोन कुणाचा?”

मी चष्मा काढून पुसला. गेल्या एप्रिलमध्ये त्याचा नेहमीचा नंबर लागत नव्हता, म्हणून मी नव्या सिमवर फोन केला होता. वहीत त्याच्या बायकोच्या स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: ‘दाजी. हॉलचं छत. काय लावायचं ते नुसतं सांगा म्हणाले.’

“गच्ची स्वतःची का?” मेहुण्याने विचारलं.

“स्वतःची,” बायको आतून म्हणाली.

“घर टप्प्यात आहे. काम पावसाळ्याआधी करायचंय?”

“दोन वर्षं झाली सांगतेय मी,” बायको बाहेर येत म्हणाली.

“मग हे चुकीच्या रकान्यात पडलंय, दाजी. निकष तुमचेच. हा खरा फोन आहे. पाहणी झालीच आता बसल्या बसल्या, कोटेशन उद्या देतो.” मग त्याने वर श्रीलंकेकडे पाहिलं, बोटांवर काही तरी मोजलं आणि म्हणाला, “अठ्ठावन्न हजारांच्या आसपास जाईल बघा. कॅमेऱ्याचे फिटले म्हणायचे.”

मी ताबडतोब जाहीर केलं, की वही अगदी बरोबर आहे आणि मी फुकट सल्ला घेणाराच आहे. पण बायकोने तोवर पेन्सिल उचलली होती. तिने ३८ चे ३७ केले, ३० चे ३१ केले, आणि पेढ्यांचा पुडा फोडला.